खरजाची तार लॅपटॉपच्या कानातून: कॉक्लिया मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी

आत्याने क्लासच्या एका मुलीला फोनवर तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि ते माझ्यासमोर फोनच्याच स्पीकरवर वाजवून बघितलं. काळी एकला लावलेला तानपुरा, म्हणजे सा साधारण १३८.६ हर्ट्झ आणि खरज त्याच्या निम्मा, ६९.३. फोनचा एवढासा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, तरी खरज ऐकू येत होता, जरा पातळ पण खरजच. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग जो सूर बाहेर पडतच नाही तो मला ऐकू कसा येतोय?"

पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं, की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले वरचे सूर, म्हणजे हार्मोनिक, ऐकून मूळ सूर ओळखता येतो, पण कानाच्या आत नेमकी कुठल्या पायरीवर ही गोष्ट होते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून लॅपटॉपवर कॉक्लियाचं, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीचं, छोटं मॉडेल लिहायचं ठरवलं: बॅसिलर मेंब्रेन, म्हणजे त्या नळीत लांबीभर पसरलेला पडदा, त्याचे १२० बिंदू, प्रत्येक बिंदूवर एक हेअर सेल, म्हणजे कंपन टिपणारी पेशी, आत तानपुरा सोडायचा आणि खरज कुठे उमटतो ते बघायचं. कुणाला असंच करायचं असेल तर माझे जे दिवस वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून नोंदी ठेवतेय.

१२ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण वाया. फोनच्या रेकॉर्डरवर आत्याच्या खोलीत पाच मिनिटं तानपुरा घेतला, घरी येऊन बघते तर पहिले काही सेकंद ठीक आणि नंतर आवाज हळूहळू विरत गेलेला. आधी वाटलं तारा उतरल्या. पण ते नव्हतं, फोनमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असते ती एकसारखा चालणारा कुठलाही नाद पंख्याची घरघर समजून दाबते, आणि तानपुऱ्याइतकं एकसारखं दुसरं काय असणार. त्या अॅपमध्ये ती बंद करायची सोय सापडली नाही. शेवटी २,४०० रुपयांचा साधा यूएसबी माइक घेतला. या अख्ख्या कामात खर्च झाला तो एवढाच.

१४ जानेवारी

संक्रांत, तिळगूळ द्यायला गेले तेव्हाच आत्याकडे बसून परत रेकॉर्डिंग केलं. ४८,००० सॅम्पल दर सेकंदाला, चारही तारा नेहमीसारख्या छेडून तीन मिनिटं, आणि नंतर नुसता खरज, पितळी तार, दर पाच सेकंदांनी एकदा. नुसत्या खरजाची फाइल आत्याच्या सांगण्यावरून घेतली आणि पुढे तिनेच मला वाचवलं.

घरी आल्यावर रेट १६,००० वर आणला, `resample_poly(x, 1, 3)` एवढंच. याचा अर्थ ८,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. खरजासाठी ते चालतं.

१६ जानेवारी

आज बिंदूंच्या जागा ठरवल्या आणि पहिली चूकही केली. मी ५० ते ७,८०० हर्ट्झपर्यंत समान अंतरावर १२० फ्रिक्वेन्सी घेतल्या, दर ६५ हर्ट्झला एक चॅनेल. चित्र काढलं तर खरजाच्या खालच्या हार्मोनिकना जेमतेम एकेक चॅनेल आणि वरचा अर्धा भाग रिकामा काळा.

कानातला खरा पडदा अशी वाटणी करत नाही. माणसाचा बॅसिलर मेंब्रेन उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर भरतो. मधल्या कानाकडच्या तळाशी तो अरुंद आणि ताठ असतो, टोकाकडे रुंद आणि लवचिक होत जातो, त्यामुळे उंच सूर तळाशीच पडदा हलवून संपतात आणि खालचे सूर टोकापर्यंत चालत जातात. कुठल्या मिलिमीटरवर कुठला सूर याचं सूत्र ग्रीनवुड यांनी दिलेलं आहे (माणसासाठीचे आकडे १९९० च्या पेपरमधले), आणि त्यात वरच्या बहुतेक भागात एका सप्तकाला साधारण तेवढीच जागा मिळते. आपल्या पेटीच्या पट्ट्यांसारखंच, सप्तक तेवढंच लांब, मग ते खालचं असो की वरचं. फक्त अगदी टोकाकडे सप्तकं आखडत जातात. ४४० ते ८८० मध्ये ४ मिलिमीटर येतात, तर ६९.३ ते १३८.६ मध्ये दोनच्या आसपास.

म्हणून आता फ्रिक्वेन्सी समान न घेता मिलिमीटर समान घेतले:

```python
import numpy as np
from scipy.signal import lfilter

mm = np.linspace(1.0, 28.0, 120)   # टोकापासून
fc = 165.4 * (10**(2.1 * mm / 35.0) - 0.88)
```

टोकापासून १ मिलिमीटरवर ४४ हर्ट्झ आणि २८ वर ७,७७० च्या आसपास येतात. तळाचे उरलेले ७ मिलिमीटर ८,००० हर्ट्झच्या वरचे, ते माझ्या फाइलमध्येच नाहीत. खरजाची स्वतःची जागा १.९ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ टोकालाच.

१८ जानेवारी

दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक बिंदूसाठी फिल्टर हवा होता, तो गॅमाटोन घ्यायचा हे ठरलेलं, कारण जिवंत कानातल्या एका नर्व्ह फायबरचा प्रतिसाद त्याच्याशी बराच जुळतो. `scipy.signal.gammatone` तयार मिळतं म्हणून `'iir'` लावून मोकळी झाले. वरचे चॅनेल मस्त, टोकाकडच्या चॅनेलमध्ये मात्र आकडे वाढत वाढत शेवटी `nan`. मला वाटलं फाइलच खराब आहे, म्हणून शुद्ध साईन वेव्ह घातली, तरी तेच.

कारण असं की तो आठव्या ऑर्डरचा फिल्टर एकाच लांब समीकरणात लिहिलेला असतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला त्याचे आठही पोल एकमेकांना चिकटून १ च्या अगदी जवळ बसतात, आणि मग कॉम्प्युटरच्या शेवटच्या दशांशातली चूकसुद्धा एखाद्या पोलला १ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर ढकलायला पुरते, आणि तो बाहेर गेला की आकडे वाढतच जातात. सॅम्पल रेट कमी केलेला असूनही अगदी खालचे चॅनेल फुटतातच. उपाय साधा निघाला, एकच मोठा फिल्टर न करता एका पोलचा छोटा फिल्टर चार वेळा लागोपाठ चालवायचा:

```python
def channel(x, f, fs, k=1.0):
    B = k * 1.019 * 24.7 * (4.37 * f / 1000 + 1)
    p = np.exp(2 * np.pi * (-B + 1j * f) / fs)
    y = x.astype(complex)
    for _ in range(4):
        y = lfilter([1 - abs(p)], [1, -p], y)
    return 2 * y.real
```

`B` म्हणजे त्या जागेचा फिल्टर किती रुंद, आणि `k` नंतर लागेल म्हणून ठेवलाय. १२० पैकी एकही चॅनेल आता फुटत नाही. तयार फंक्शन वापरणार असाल तर आधी सगळ्यात खालचा चॅनेल तपासा, वरचे बघून समाधान मानू नका.

१९ जानेवारी

एक टिचकी, म्हणजे एकच सॅम्पल १ आणि बाकी शून्य, अशी घालून सगळे चॅनेल एकाखाली एक काढले. ४,००० हर्ट्झची जागा १ मिलिसेकंदात शिखर गाठते आणि खरजाची जागा चौदा-पंधरा मिलिसेकंदांनी. मला ही चूक वाटली आणि मी सगळे चॅनेल मागे सरकवून एका रेषेत आणले, दुपारभर तेच करत होते. मग लक्षात आलं की हे तर कानातही होतं. मधल्या कानातलं स्टेपीसचं हाड आत ढकललं की लाट तळापासून टोकाकडे चालत जाते आणि टोकाशी पोचायला तिला काही मिलिसेकंद लागतात. बेकेसी यांनी ही लाट पाहिली आणि त्याबद्दल त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. माझ्या मॉडेलमध्ये चॅनेल एकमेकांना जोडलेले नाहीत, त्यामुळे खरी लाट त्यात नाही, नुसता तिच्यासारखा उशीर आहे, पण तो पुसून टाकणं चूकच. परत होतं तसं केलं.

२१ जानेवारी

आज पहिल्यांदा नुसत्या खरजाची फाइल घातली आणि प्रत्येक मिलिमीटरवर किती हालचाल होते ते काढलं.

पूर्ण फाइलमध्ये १.९ मिलिमीटरवर छोटा उंचवटा आहे, पण तानपुऱ्यात मूळ सूर तसाही बारीकच असतो, जास्त जोर वरच्या हार्मोनिकमध्ये. मग फाइलमधून ३०० हर्ट्झच्या खालचं काढलं, फोनचा स्पीकर करतो तसं. अर्थात १.९ मिलिमीटरची जागा शांत झाली. उरलेलं सगळं पाचव्या हार्मोनिकपासून सुरू होतं, ३४६.५ हर्ट्झ, तोच आपला स्वयंभू गंधार. त्याची जागा ७.९ मिलिमीटर, सहाव्याची ८.८.

इथे मला जे दिसलं ते अपेक्षित नव्हतं. माझी कल्पना अशी होती की वरचे हार्मोनिक पडद्यावर वेगवेगळे टेकड्यांसारखे दिसतील आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू खरज ओळखत असेल. पाचवा आणि सहावा कसेबसे वेगळे दिसतात. त्यानंतर टेकड्या एकमेकीत मिसळून नुसता उतार होतो. कारण हार्मोनिकमधलं अंतर सगळीकडे ६९.३ हर्ट्झच आहे पण फिल्टरची रुंदी वाढत जाते: गंधारापाशी ६२ हर्ट्झ, दहाव्या हार्मोनिकपाशी १००, विसाव्यापाशी १७४. म्हणजे फोनमधून जेवढं बाहेर येतं त्यातल्या बहुतेक भागात पडद्याची जागा हार्मोनिक वेगळे करूच शकत नाही. बाईच्या आवाजाचा सा इतका खाली नसतो, तिथे पहिले सहा-सात तरी वेगळे राहतात, पण खरज म्हणजे जागेच्या हिशोबाने सगळ्यात अवघड केस.

मग खरज जागेत नाही, तर वेळेत शोधायला हवा.

२२ जानेवारी

१३.४ मिलिमीटरवरचा चॅनेल निवडला, ९०० हर्ट्झच्या जवळचा. त्यात बारावा, तेरावा आणि चौदावा हार्मोनिक एकत्र येतात: ८३१.६, ९००.९, ९७०.२. तीन सूर एका फिल्टरमध्ये आले की ते एकमेकांत मिळतात-विरतात आणि आवाज दर १४.४ मिलिसेकंदांनी फुगतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर वेव्ह बघितली तर फुगवटे स्पष्ट. मला आनंद झाला, कारण १४.४ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ६९.३ वेळा.

तर त्यातला ६९.३ बाहेर काढावा म्हणून त्या चॅनेलला २०० हर्ट्झच्या खालचंच जाऊ देणारा लो-पास लावला. उत्तर: शून्य. सपाट रेघ. गेन वाढवला, तरी सपाट. कोडमध्ये तासभर चूक शोधली आणि चूक नव्हतीच. फुगवटे दिसतात पण त्या वेव्हमध्ये ६९.३ हर्ट्झ नावाची गोष्टच नाही, फक्त ८३१.६, ९००.९ आणि ९७०.२ आहेत. फुगताना वेव्ह वर जेवढी जाते तेवढीच खालीही जाते, त्यामुळे सरासरी कायम शून्य. डोळ्याला फुगवटा दिसतो कारण डोळा फक्त वरची कड बघतो.

फक्त वरची कड बघणारी वस्तू कानात आहे, ती म्हणजे हेअर सेल, आणि ती पायरी मी वगळली होती. हेअर सेलच्या डोक्यावर उंचीनुसार ओळीने उभे राहिलेले बारीक दांडे असतात, आणि प्रत्येक बुटक्या दांड्याचं टोक शेजारच्या उंच दांड्याला एका सूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं, त्याला टिप लिंक म्हणतात. पडदा वर हलला की दांडे उंच बाजूकडे कलतात, धागे ताणले जातात आणि आयनची दारं उघडतात. वरच्या द्रवात पोटॅशियम भरपूर आणि तिथला व्होल्टेज +८० मिलिव्होल्टच्या आसपास, पेशी आतून ऋण, त्यामुळे दार उघडलं की पोटॅशियम जोरात आत येतं. पण दांडे उलट बाजूला कलले तर? धागे सैल पडतात आणि जी थोडी दारं आधी उघडी होती ती बंद होतात. बंदपेक्षा जास्त बंद होता येत नाही. म्हणजे एका बाजूला मोठा प्रतिसाद, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही, आणि सरासरी आता शून्य राहत नाही, फुगवट्याबरोबर तीही वर येते.

२३ जानेवारी

तेच कोडमध्ये:

```python
def haircell(y, fs):
    g = 1 / (1 + np.exp(-(y - 0.3) / 0.15))
    g = g - 1 / (1 + np.exp(0.3 / 0.15))
    a = np.exp(-2 * np.pi * 1000 / fs)
    for _ in range(2):
        g = lfilter([1 - a], [1, -a], g)
    return g
```

शांत असताना १२ टक्के दारं उघडी धरली आहेत. `y` +०.५ झाला की ती ७९ टक्क्यांवर जातात, -०.५ झाला की अर्ध्या टक्क्यावर, म्हणजे वर ६७ आणि खाली फक्त साडेअकरा. शेवटचा लो-पास पेशीच्या आवरणासाठी. ते चार्ज व्हायला वेळ लागतो म्हणून सेकंदाला हजाराच्या वरची कंपनं पेशीच्या व्होल्टेजमध्ये पुसट होत जातात आणि मंद चढउतार तेवढे राहतात.

चालवलं, आणि ६९.३ परत गायब.

यावेळी कारण वेगळं. माझी फाइल ±१ मध्ये असली तरी एका चॅनेलच्या वाट्याला ०.००५ एवढाच आवाज येत होता. इतक्या छोट्या हालचालीला ते वक्र समीकरण म्हणजे सरळ रेघच, वर आणि खाली सारखंच, त्यामुळे एकतर्फीपणा उरलाच नाही. सगळ्या चॅनेलना एकच मोठा गेन दिला तर गंधाराचा चॅनेल पूर्ण ठासून भरला आणि वरचे तरीही उपाशी.

हाच प्रश्न खऱ्या कानापुढेही असतो. अगदी हळू आवाजात पडदा नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी हलतो, आणि मोठ्या आवाजात हेअर सेल भरून जाऊन चालत नाही. त्यासाठी बाहेरच्या हेअर सेल आहेत, माणसाच्या एका कानात बारा हजारांच्या आसपास, तर मेंदूला खबर देणाऱ्या आतल्या साधारण साडेतीन हजार. बाहेरच्या पेशी व्होल्टेज बदलला की स्वतः आखूड-लांब होतात (ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं) आणि पडद्याच्या हालचालीला धक्का देतात. हळू आवाजाला ही मदत ४० ते ६० डेसिबलपर्यंत मिळते, मोठ्या आवाजाला जवळजवळ नाही. मी तेच ढोबळपणे केलं, प्रत्येक चॅनेलचा जोर ०.३ या घातात दाबून घेतला, म्हणजे शंभरपट फरकाचा चौपट फरक होतो.

लगेच नवा घोळ. ३०० हर्ट्झच्या खालचे रिकामे चॅनेलसुद्धा वर उचलले गेले आणि त्यात माइकची खरखर सूर असल्यासारखी दिसायला लागली. म्हणून सगळ्यात मोठ्या चॅनेलच्या शंभराव्या भागाहून कमी जोर असेल तर तो चॅनेल शून्य, अशी खालची मर्यादा घातली. रात्री साडेअकराला १३.४ मिलिमीटरच्या चॅनेलमधून ६९.३ बाहेर आला. जो सूर फाइलमध्ये नाही, पडद्यावर नाही, तो हेअर सेलच्या पलीकडे आहे. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले.

२५ जानेवारी

आता १२० चॅनेल मिळून एक उत्तर हवं. प्रत्येक चॅनेलचं सरासरी वजा करून ऑटोकोरिलेशन काढलं, म्हणजे वेव्ह स्वतःवरच सरकवून ती किती सॅम्पलनंतर परत जुळते ते बघितलं, आणि सगळी बेरीज केली, साधारण लिकलायडर यांनी १९५१ मध्ये सुचवलं होतं त्या धर्तीवर. खरजाचा पीरियड १६,००० रेटला २३१ सॅम्पल यायला हवा.

उत्साहात चारही तारांची फाइल घातली आणि सगळ्यात उंच पीक ४६२ वर आलं, म्हणजे ३४.६ हर्ट्झ. तानपुऱ्यात असा सूरच नाही. ही संध्याकाळ गेली. मग आत्याच्या त्या नुसत्या खरजाच्या फाइलवर चालवलं तर बरोबर २३१. फरक पंचमाचा होता. पंचमाची तार १०३.९ वर, खरजाच्या दीडपट, आणि दोघांची वेव्ह एकत्र जुळते ती खरजाच्या दोन पीरियडनंतर. मॉडेल खोटं बोलत नव्हतं, मी त्याला दोन तारा एकदम विचारत होते. पहिल्या चाचण्या एकाच तारेवर करा. आणि एक तार असली तरी ४६२ वर, ६९३ वर पीक येतातच, त्यातलं पहिलं मोठं घ्यायचं.

३०० हर्ट्झच्या खालचं काढलेल्या फाइलवरही २३१ च. त्यात सर्वात जास्त वाटा १३ मिलिमीटरच्या पुढच्या चॅनेलचा, खरजाच्या स्वतःच्या जागेपासून सेंटिमीटरभर लांब.

एक शंका राहिली होती, की कानात कुठेतरी हार्मोनिकची भेसळ होऊन खरा ६९.३ तयार होतो आणि तो १.९ मिलिमीटरवर जाऊन ऐकू येतो. याची जुनी परीक्षा आहे: खालच्या जागेवर मुद्दाम खरखर ओतायची. हेडफोनवर कापलेल्या फाइलमध्ये २५० हर्ट्झच्या खालचा नॉइज मिसळला, इतका की तिथला बारीक सूर ऐकूच येऊ नये. आत्याला ऐकवलं. "खरखर आहे, पण खरज आहे ना गं." लिकलायडर यांनी १९५४ मध्ये असंच करून दाखवलं होतं.

२७ जानेवारी

आज `k=3` करून बघितलं, म्हणजे सगळे फिल्टर तिप्पट रुंद. बाहेरच्या हेअर सेल गेल्या की फिल्टर रुंद होतात. बाबांचं ऐकणं गेल्या काही वर्षांत कमी झालंय म्हणून मला हे बघायचंच होतं.

खरजावर परिणाम कमी, २३१ जागेवर, कारण तो आधीच मिसळलेल्या हार्मोनिकवर उभा होता. पण जोडाच्या तारेची, १३८.६ ची, चित्रं पार बदलली. आधी तिचे पहिले काही हार्मोनिक पडद्यावर वेगवेगळे होते, आता दुसराही वेगळा दिसेना. २७७ हर्ट्झपाशी फिल्टरची रुंदी ५५ वरून १६४ झाली आणि हार्मोनिकमधलं अंतर मात्र १३८.६ च. चारही तारांची फाइल घातली तर गंधाराची टेकडी शेजारच्यांत पूर्ण बुडाली. बाबा म्हणतात तानपुरा ऐकू येतो पण त्यातला गंधार आता सापडत नाही. त्यांच्या कानात नेमकं हेच झालंय असं मी म्हणणार नाही, माझ्या मॉडेलमध्ये मात्र आवाज मोठा करून ती टेकडी परत येत नाही, ते मी दोन तास करून बघितलं.

३० जानेवारी

शेवटची चाचणी आत्याने सुचवली. "जवारीचा दोरा काढून वाजवू का? मग बघ तुझा फोन काय म्हणतो."

घोडीवर तारेखाली जो सुती दोरा असतो तो सरकवून योग्य जागी आणला की तार घोडीच्या बाकदार पाठीला हलकेच घासत राहते आणि वरचे हार्मोनिक भरभरून सुटतात. तेच तानपुऱ्याचं बोलणं. दोरा काढला की आवाज बोथट होतो. खरजाचा दोरा काढून वीस छेड घेतल्या, माइकची जागा तीच, खोली तीच. पहिल्यांदा माइकचा गेन चुकून हलला होता म्हणून सगळं परत घ्यावं लागलं, अर्धा तास गेला.

पूर्ण फाइलवर दोन्हीकडे २३१ सॅम्पल. ३०० हर्ट्झच्या खालचं कापल्यावर दोरा असलेल्या फाइलचं पीक तसंच ठसठशीत, आणि दोरा नसलेल्याचं निम्म्याहून खाली. १३ मिलिमीटरच्या पुढचे बरेच चॅनेल माझ्या शंभराव्या भागाच्या मर्यादेखाली जाऊन शून्य झाले होते, म्हणजे ज्यांच्यात हार्मोनिक एकत्र येऊन दर १४.४ मिलिसेकंदांनी फुगवटा करतात तेच उरले नव्हते.

मग दोन्ही फाइली फोनच्या स्पीकरवर आत्याला ऐकवल्या, कुठली कुठली ते न सांगता. पहिलीला ती लगेच म्हणाली, "हा खरज." दुसरीला थांबली, परत लावायला सांगितली, आणि म्हणाली, "यात नुसती तार आहे, खरज कुठाय."

एकूण अकरा संध्याकाळी आणि एक दुपार, २,४०० रुपये. दोरा आत्याने परत बसवला, जवारी पहिल्यासारखी लागायला तिला वीस मिनिटं लागली, तेवढा वेळ मी माइक चालूच ठेवला होता. दोरा केसभर सरकला की वरच्या चॅनेलमध्ये काय बदलतं ते त्या फाइलमध्ये सगळं आहे, ते पुढच्या आठवड्यात काढते.